छोट्या नियतकालिकातला निबंध बायोडेटात कसा लिहायचा?

पीएचडीच्या प्रवेशासाठी बायोडेटा लिहायला बसलेल्या विद्यार्थ्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज आयएसएसएनबद्दल असतो. हा आठ अंकी क्रमांक असला की नियतकालिक मान्यताप्राप्त, असं महाविद्यालयांतून सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात तो फक्त ओळखक्रमांक आहे. नियमित निघणाऱ्या कोणत्याही प्रकाशनाला तो मागता येतो, आणि देणारी संस्था आतले लेख तपासत नाही. परिषदेच्या स्मरणिकेवरचा आयएसबीएन आणि लेखाला मिळणारा डीओआय यांचंही तसंच. या क्रमांकांमुळे लेख सापडतो. तो कोणी वाचून पारखला का, हे त्यांवरून कळत नाही.

इम्पॅक्ट फॅक्टरचा घोळ याहून घातक आहे. मूळ इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते. नियतकालिकाने आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना या वर्षी किती संदर्भ मिळाले, याला त्या दोन वर्षांतल्या लेखांच्या संख्येने भागायचं, असा तो हिशोब. मिळतंजुळतं नाव लावून आकडे विकणाऱ्या संस्थाही आहेत, आणि असा आकडा मुखपृष्ठावर छापणारी नियतकालिकंही. क्लॅरिव्हेटच्या मास्टर जर्नल लिस्टमध्ये किंवा स्कोपसच्या स्रोतयादीत आयएसएसएन टाकून शोध घ्यावा. दोन्हीकडे तो फुकट घेता येतो. क्लॅरिव्हेटच्या यादीत नाव नसेल, तर तो आकडा बायोडेटात लिहू नये. स्कोपसमध्ये नाव सापडलं, तरी तिथे दिलेली वर्षं पाहावीत, कारण काही नियतकालिकांची नोंद मध्येच थांबवलेली असते. ‘यूजीसी-मान्य’ हा शब्दही जपून वापरावा. केअर यादी आयोगाने २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली. जुना लेख तेव्हा यादीत असलेल्या नियतकालिकात आला असेल, तर ‘प्रकाशनाच्या वेळी केअर यादीत’ असं वर्षासह लिहावं.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने तालुक्यातल्या २४ विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट मोजलं. त्यातल्या ९ विहिरींत ते लिटरला ४५ मिलिग्रॅम या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं. विभागाच्या विद्यार्थी परिषदेत तिने ते मांडलं आणि चार पानांचा लेख स्मरणिकेत छापून आला. परिषदेच्या नावात ‘राष्ट्रीय’ होतं. म्हणून बायोडेटात तिने लिहिलं, ‘राष्ट्रीय स्तरावर शोधनिबंध प्रकाशित’. यातला एकही शब्द धड खोटा नाही, तरी वाचणाऱ्याची दिशाभूल होते. त्याला वाटतं, देशभरातून आलेल्या लेखांतून तज्ज्ञांनी हा निवडला. प्रत्यक्षात निवड सारांशावरून झाली होती, आणि तो सारांश विभागातल्याच दोन प्राध्यापकांनी पाहिला होता.

तीच नोंद ‘परिषदेतील लेख’ या मथळ्याखाली अशी येते: लेखकांची नावं छापलेल्या क्रमाने, लेखाचं शीर्षक, परिषदेचं पूर्ण नाव, महाविद्यालय, वर्ष, पानं. मग एक ओळ: ‘विद्यार्थी परिषद, तोंडी सादरीकरण, निवड सारांशावरून. नमुने गोळा करणं, मोजणी आणि लेखन माझं.’ शेवटचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. प्रवेश समितीला तिच्या हाताला काय येतं ते जाणून घ्यायचं असतं, आणि २४ विहिरींचं पाणी स्वतः तपासलेली मुलगी मुलाखतीत त्यावर सविस्तर बोलू शकते. ‘राष्ट्रीय स्तरावर’ या शब्दांवर मात्र पहिलाच प्रश्न आला, की ती अडखळते.

दुसऱ्या टोकाचा गैरसमज म्हणजे, नाव नसलेल्या ठिकाणचा लेख लपवलेलाच बरा. बायोडेटातून फारसं महत्त्वाचं नसलेलं काही गाळण्यात गैर काहीच नाही. पण तेच काम पुढे मोठ्या नियतकालिकाकडे पाठवताना किंवा प्रबंधात घेताना जुन्या लेखाचा उल्लेख गाळला, तर प्रकरण गंभीर होतं. तुमचा जुना मजकूर तुमच्याच नव्या लेखात साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला सापडतो, आणि आधी न सांगितल्यामुळे ते दुबार प्रकाशन ठरू शकतं. परिषदेतला लेख वाढवून नव्याने लिहिलेला निबंध अनेक नियतकालिकं स्वीकारतात. मात्र किती भाग नवा हवा, याचे नियम प्रत्येकाचे वेगळे असतात, ते आधी वाचावेत. केवळ सारांश छापला असेल, तर सहसा अडचण येत नाही, तरी तोही सांगावा.

वरच्या विद्यार्थिनीने पुढच्या वर्षी आणखी ३० विहिरी आणि पावसाळ्यानंतरची मोजणी जोडली, असं समजा. संपादकाला पाठवायच्या पत्रात तिने एवढं लिहायचं: ‘यातल्या २४ विहिरींची उन्हाळ्यातली मोजणी आमच्या विभागीय परिषदेच्या स्मरणिकेत चार पानांत आली आहे. तो लेख सोबत जोडला आहे. उरलेल्या ३० विहिरी, पावसाळ्यानंतरची सर्व मोजणी आणि दोन्ही ऋतूंची तुलना या निबंधात प्रथमच येत आहे.’ आणि नव्या निबंधाच्या संदर्भसूचीत तो जुना लेखही घालायचा.