कापड यंत्राचं, अक्षरं माणसाची

स्पर्धा तोंडावर आलेली असते. संघाचा फोटो हातात असतो, पण त्यातली जर्सी गेल्या वर्षीची. प्रायोजक बदललेला, नवी निळी जर्सी अजून शिवून यायची आणि फ्लेक्स मात्र उद्या चौकात लागायला हवा. मग फोटोतल्या फोटोतच कपडे बदलायचं ठरतं. पूर्वी या कामात रात्र जायची. आता चित्र तयार करणाऱ्या एआय साधनात लाल जर्सीभोवती निवड करून निळ्या जर्सीची सूचना दिली, की मिनिटभरात कॉलर, बाह्या, चुण्या, घामाने अंगाला चिकटलेलं कापड असं सगळं पटेल इतपत तयार होतं. बिघडतं ते लिखाण. PATIL चं PATLI होतं, 8 चा अर्धवट 6 होतो, एखादं अक्षर कोणत्याच लिपीत नसलेलं निघतं आणि देवनागरीत लिहिलेलं मंडळाचं नाव तर दुरून मराठी, जवळून निव्वळ रेघोट्या ठरतं.

हे का होतं, ते एकदा कळलं की उपायही आपोआप समोर येतो. अशी बरीच साधनं फोटोवर थेट काम करत नाहीत. आधी ती त्याचं आकसलेलं रूप तयार करतात, त्यात बदल करतात आणि मग ते पुन्हा फुलवून फोटो देतात. ‘स्टेबल डिफ्यूजन’ या प्रसिद्ध प्रणालीच्या मूळ आवृत्त्यांत आठ बाय आठ पिक्सेलचा चौकोन एका घरात आकसतो. गालाचा उतार किंवा कापडाची चुणी सांगायला तेवढं पुरतं, कारण चुणी थोडी इकडेतिकडे झाली तरी ती चुणीच राहते. अक्षराला ही सूट नाही. A ची आडवी रेघ गेली तर तिथे दुसरंच काहीतरी उरतं. शिवाय त्या जुन्या आवृत्त्यांत सूचना वाचणारा भाग शब्दांचे तयार तुकडे घेतो. त्या तुकड्यात कोणती अक्षरं कोणत्या क्रमाने आहेत, हे त्याला सरळ दिसत नाही. नंतरच्या साधनांचं स्पेलिंग बरंच सुधारलं. तरी समूह-फोटोतल्या छातीवरची बारीक अक्षरं अजूनही अवघडच जातात.

कबड्डीच्या संघाचा नेहमीचा फोटो घेऊ. बारा खेळाडू, दोन रांगा आणि साध्या डिजिटल कॅमेऱ्यातून आलेलं ६००० पिक्सेल रुंदीचं चित्र. एका खेळाडूची छाती त्यात सुमारे साडेचारशे पिक्सेल भरते आणि छातीवरच्या नावाचं अक्षर तीसेक पिक्सेल उंच असतं. हा अख्खा फोटो १०२४ पिक्सेल रुंदीवर काम करणाऱ्या साधनाला दिला, तर तो जवळपास सहापट लहान होतो आणि तीस पिक्सेलचं अक्षर पाचवर येतं. आठ पिक्सेलच्या घरात पाच पिक्सेलचं अक्षर म्हणजे पूर्ण एक घरही त्याच्या वाट्याला येत नाही. तिथे अक्षर वाचवण्याची सोयच नाही. यंत्र फक्त अक्षरासारखं काहीतरी भरतं.

म्हणून जाणकार ऑपरेटर यंत्राकडून अक्षरं मागतच नाही. तो एकेका खेळाडूचा तुकडा वेगळा काढतो, म्हणजे फोटो लहान करावा लागत नाही, आणि कोरी निळी जर्सी मागतो. आकडा, नाव, चिन्ह काहीही नको. फक्त कापड आणि त्याच्या चुण्या हव्यात. तरीही यंत्राने छातीवर काही गिरवलंच, तर तेवढा भाग पुन्हा निवडून साफ करून घ्यायचा. लिखाण नंतर टाइप करून वेगळ्या लेयरवर चढवायचं. टाइप केलेलं अक्षर चुकीचं असू शकतं, पण अर्धवट कधीच नसतं.

इथे एक खाच आहे. ज्या भागाला हात लावला नाही, तोही आकसून-फुलून परत आलेला असू शकतो. शेजारच्या खेळाडूच्या शॉर्टवरचं जुनं, बरोबर असलेलं लिखाण त्यात हलकंसं वितळतं. शंभर टक्के मोठं करून मूळ फोटोशी ताडून पाहिल्याशिवाय हे लक्षात येत नाही. त्यामुळे मूळ फोटो सर्वांत खालच्या लेयरवर तसाच ठेवायचा, वरच्या बदललेल्या फोटोला मास्क लावायचा आणि त्यातून फक्त नवी जर्सी दिसू द्यायची. चेहरे, हात, शॉर्ट, मागची पाटी सगळं मूळच्या पिक्सेलांत राहतं.

आता अक्षरांमधलं अंतर. ते कापडावर चढवण्याआधी, सपाट असतानाच ठरवायचं. एकदा नाव वाकवलं की अंतर चुकलं आहे की चुणीने तसं दिसतं आहे, हे ओळखता येत नाही. PAWAR लिहून पाहावं. P आणि A मध्ये, A आणि W मध्ये तिरक्या बाजूंमुळे पोकळ्या पडतात आणि नाव विस्कटलेलं दिसतं, जरी संगणकाच्या मापात प्रत्येक अक्षराला ठरलेलीच जागा मिळालेली असली तरी. JADHAV मध्ये शेवटचे A आणि V असेच फटकून उभे राहतात. फोटोशॉपमध्ये अक्षरांच्या अंतरासाठी Optical हा पर्याय निवडला की बरंचसं सुधारतं, उरलेलं डोळ्यांनी पाहून जोडीजोडीने सरकवावं लागतं. आकड्यांत 11 आणि 17 त्रास देतात. अनेक फॉन्टांत सगळ्या आकड्यांना सारखीच रुंदी दिलेली असते, त्यामुळे बारीक 1 च्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा उरते आणि 11 म्हणजे दोन वेगळे खेळाडू उभे असल्यासारखं दिसतं.

देवनागरीची गोष्ट निराळी, आणि मराठी दुकानांत खरी परीक्षा तिथेच होते. इंग्रजी नावाला ऐसपैस करण्यासाठी अक्षरं एकमेकांपासून लांब करतात. तेच देवनागरीत केलं की शिरोरेखा तुटते, आणि ‘क्रीडा मंडळ’ हे एक नाव न राहता सुट्या अक्षरांची रांग होते. इथे ते अंतर शून्यावरच ठेवायचं. नाव रुंद हवं असेल तर रुंद वळणाचा फॉन्ट घ्यायचा. फोटोशॉपमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीची मजकूर-रचना निवडलेली नसेल, तर जोडाक्षरं सुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर जाऊन बसते. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव टाइप करून पाहणं ही फॉन्टची चांगली चाचणी आहे. ज्या फॉन्टला ऱ्ह नीट जमत नाही, तो र ला रफार करून ह च्या डोक्यावर ठेवतो. ते आडनाव ज्याचं आहे, त्याला ते लगेच खटकतं आणि खटकायलाच हवं.

नाव सरळ म्हणजे कशाच्या संदर्भात सरळ? नवखा माणूस ते फोटोच्या चौकटीला समांतर ठेवतो आणि तिथेच फसतो. खेळाडू कमरेवर हात ठेवून जरा तिरका उभा असतो, एक खांदा वर असतो. छातीवरच्या नावाला कॉलरच्या मध्यापासून खालच्या शिवणीच्या मध्यापर्यंत जाणाऱ्या काल्पनिक रेषेशी काटकोन साधायचा असतो. ती रेषा आधी एका वेगळ्या लेयरवर काढून घ्यावी. दोन्ही बाह्यांच्या शिवणी जिथे खांद्याला मिळतात, ते बिंदू जोडले की आडवी रेषा मिळते. नाव या दोन रेषांवर बसवायचं, आणि खेळाडू वळलेला असेल तर त्याच्या दूरच्या बाजूची अक्षरं थोडी अरुंद करायची. मापाचा अंदाजही कापडावरूनच घ्यावा. फुटबॉलच्या जर्सीवर पाठीवरचा आकडा २५ ते ३५ सेंटिमीटर उंच असावा, असा फिफाचा नियम आहे. म्हणजे साधारण बहात्तर सेंटिमीटर लांबीच्या जर्सीत तो उंचीचा एक तृतीयांश ते निम्मा भाग व्यापतो. फोटोतला आकडा पाव भागात मावत असेल, तर कारण कळलं नाही तरी तो पाहणाऱ्याला खोटा वाटतो.

यानंतर चुण्या. नऊवारीचा काठ निऱ्यांमध्ये शिरतो आणि पलीकडे त्याच ओळीत बाहेर येतो, तसंच छापलेलं नाव घडीत शिरून पुढे निघालं पाहिजे. त्यासाठी Displace हे फिल्टर वापरतात. कोऱ्या जर्सीची करड्या रंगातली प्रत वेगळ्या फाइलमध्ये साठवायची; तिच्यातल्या उजेड-सावलीप्रमाणे फिल्टर अक्षरांच्या कडा सरकवतं. मधला करडा रंग काहीच हलवत नाही, गडद भाग एका बाजूला ढकलतो, उजळ भाग विरुद्ध बाजूला. ही प्रत आधी थोडी धूसर केली नाही, तर कापडाची बारीक वीणसुद्धा अक्षरांच्या कडा कुरतडते आणि नाव उंदराने खाल्ल्यासारखं दिसतं. सरकवण्याचा आकडा लहानच ठेवावा, आपल्या फोटोत पाचच्या आसपास. शिरोरेखा इथे उत्तम मोजपट्टी ठरते, कारण ती लांब आणि सरळ असते. तिच्यात चुणी नसलेल्या जागी लाट दिसली, की आकडा जास्त झाला. शेवटी कापडाची सावली Multiply पद्धतीने अक्षरांवरून घ्यायची. ते राहिलं तर घडीतल्या अंधारातही पांढरं अक्षर झगझगत राहतं.

पुढच्या रांगेत बसलेल्याचा हात आकड्यावर येतो, तेव्हाही पूर्ण आकडा टाकून मग हाताएवढा भाग मास्कने झाकायचा. अर्धाच आकडा काढायला गेलं की 8 आणि 3 यांतला फरक हाताखाली हरवतो.

स्पेलिंगचा प्रश्न यंत्राने आणलेला नाही. एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन नॅशनल्स या बेसबॉल संघाचे अ‍ॅडम डन आणि रायन झिमरमन छातीवर NATINALS असं शिवलेली जर्सी घालून मैदानात उतरले होते. व्यावसायिक कारखान्यात शिवलेल्या जर्सीतलं एक O कुणाच्या नजरेला पडलं नाही, कारण ओळखीचा शब्द डोळा अक्षर अक्षर वाचत नाही. म्हणून नाव यादीवरून पुन्हा टाइप न करता खेळाडूच्या नोंदणी अर्जावरून आलेल्या यादीतूनच उचलावं आणि तपासताना शेवटून पहिल्या अक्षराकडे वाचावं. CHAVAN की CHAVHAN, हे ऑपरेटरने ठरवायचं नसतं.

आकड्याची खातरजमा वेगळी करावी लागते, कारण चुकीचा आकडाही दिसायला अगदी बरोबर असतो. पालघरचा शार्दूल ठाकूर ऑगस्ट २०१७ मध्ये कोलंबोत एकदिवसीय पदार्पणाला 10 क्रमांकाची जर्सी घालून उतरला. सचिन तेंडुलकरच्या आकड्यावरून झालेल्या गदारोळानंतर तो 54 वापरू लागला. त्याच्या फोटोतली जर्सी कुणी बदलायला घेतली, तर सामना कोणता हे विचारल्याशिवाय आकडा टाकता येणार नाही.

फ्लेक्सच्या छपाईसाठी एकसंध प्रत द्यावी लागते, पण लेयर असलेली मूळ फाइल ठेवून द्यावी आणि तिच्यातला मजकूर टाइप केलेल्या रूपातच राहू द्यावा. एखादा खेळाडू ऐनवेळी जायबंदी झाला आणि त्याच्या जागी दुसरा आला, तर कापडाला, चुण्यांना, सावलीला हात न लावता नवा चेहरा, नवं आडनाव आणि नवा आकडा त्याच दोन रेषांवर बसवता येतो.