घातांक निम्मा करत जा

3 चा 13 वा घात काढायची सरळ रीत सगळ्यांना ठाऊक आहे. तीनला तीनने गुणायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा तीनने, असे एकूण बारा गुणाकार. प्रोग्रॅममध्ये हेच काम साधं लूप करतं आणि 13 साठी ते पुरेसंही आहे. घातांक 1000 झाला की गुणाकार 999 होतात, दहा लाख झाला की जवळपास तितकेच लाख.

आता हीच संख्या उलट्या टोकाने बघा. 3 चा 13 वा घात म्हणजे सहाव्या घाताचा वर्ग आणि वर एक तीन. सहावा घात म्हणजे तिसऱ्याचा वर्ग. तिसरा घात 27, त्याचा वर्ग 729, त्याचा वर्ग 5,31,441, आणि त्याला तीनने गुणलं की 15,94,323. 27 मिळवायला दोन गुणाकार, पुढे तीन. बाराचं काम पाचात झालं. 1000 साठी असेच निम्मे करत गेलात तर 999 ऐवजी फक्त 14 गुणाकार लागतात, आणि घातांक दुप्पट केला तर त्यात एकाचीच भर पडते.

पायथनमध्ये हे असं लिहितात:

```python
def ghat(x, n):
    if n == 0:
        return 1
    h = ghat(x, n // 2)
    if n % 2 == 0:
        return h * h
    return h * h * x
```

`n // 2` म्हणजे निम्मे करून उरलेला अर्धा सोडून देणे. 13 चे 6. इथे फंक्शन स्वतःलाच बोलावतं, त्याला रिकर्शन म्हणतात. ते 13, 6, 3, 1 असं उतरत शून्याला टेकतं आणि परत वर येताना वर्ग करत येतं.

इथे एक गैरसमज हमखास होतो: रिकर्शन आहे म्हणून वेग आला. तसं नाही. `h` ही ओळ गाळून कोणी थेट `ghat(x, n // 2) * ghat(x, n // 2)` लिहिलं, तर रिकर्शन तेच राहतं आणि वेग पार जातो. कारण प्रत्येक पायरीवर तोच निम्मा घात दोनदा काढला जातो. n = 1000 असताना नीट लिहिलेलं फंक्शन 11 वेळा बोलावलं जातं, हे 2047 वेळा. त्यापेक्षा साधं लूप बरं! उत्तर मात्र दोन्हीकडे अगदी बरोबर येतं, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. पकडायची असेल तर 1.0001 सारखा छोटा पाया घ्या आणि घातांक दुप्पट करत वेळ मोजा. वेळही दुपटीने वाढत असेल, तर कुठेतरी तेच काम दोनदा चाललं आहे. खरी कमाई आहे ती एकदा काढलेला निम्मा घात हाताशी ठेवण्यात. हे जमवलं तर वर्गांची रीत रिकर्शनशिवाय, लूपनेही लिहिता येते.

ही युक्ती संगणकाच्या फार आधीची आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रात प्रश्न असा होता: एका चरणात इतकी अक्षरं असतील आणि प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू असेल, तर एकूण किती रचना होतील? म्हणजे दोनचा अमुकवा घात. मनाच्या श्लोकांचं भुजंगप्रयात घ्या, चरणात 12 अक्षरं. पिंगलाची रीत अशी: संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर एक वजा करा, आणि दर वेळी खूण लिहून ठेवा. 12 चे 6, 6 चे 3, 3 मधून एक गेला 2, त्याचा 1, तोही वजा, शून्य. आता 1 पासून खुणा उलट वाचा. वजा केलं होतं तिथे दुप्पट, निम्मं केलं होतं तिथे वर्ग: 2, 4, 8, 64, 4096. आपलं फंक्शन परत वर येताना नेमकं हेच करतं.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवायला हवी. आपण गुणाकार मोजले, पण सगळे गुणाकार सारख्या कष्टाचे नसतात. 3 चा 1000 वा घात 478 अंकी आहे. शेवटच्या वर्गात अडीचशेच्या आसपास अंकांच्या दोन संख्या एकमेकींना गुणाव्या लागतात. लूपमध्ये निदान एक बाजू कायम तीनच असते. म्हणून पूर्ण उत्तर हवं असेल तर प्रत्यक्ष बचत 999 विरुद्ध 14 इतकी भरत नाही.

भागाकाराची बाकी तेवढी हवी असेल, तर ही अडचण उरत नाही. प्रत्येक गुणाकारानंतर लगेच बाकी घ्यायची, संख्या फुगतच नाही. पायथनमध्ये त्यासाठी `pow(x, n, m)` तयार आहे. 1977 साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी मांडलेली आरएसए ही सांकेतिक लिपी याच हिशोबावर चालते. तिथे कुलूप लावायला बहुधा 65537 हा घातांक घेतात. तो 2 च्या 16 व्या घाताहून एकाने मोठा आहे, त्यामुळे 16 वर्ग आणि एक गुणाकार, एवढ्यात काम संपतं. किल्ली लावताना मात्र घातांक शेकडो अंकी असतो. तिथे साधं लूप सुरू केलं तर ते कधीच संपणार नाही.