परतीचं पाणी

‘ताशी 45 ते 55 किलोमीटर, झोत 65 पर्यंत. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.’ हवामान खात्याचा असा इशारा आला, की बंदरावर तीन नंबरचा बावटा चढतो. यातला झोताचा आकडा महत्त्वाचा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे 65 चा झोत 45 च्या वाऱ्याच्या दुप्पट जोराने होडीवर आदळतो. त्या दिवशी छोटी होडी पाण्यात लोटायचीच नाही, त्यात वाद नाही.

खरा पेच बावटा नसलेल्या दिवशी. 1 ऑगस्टला बंदी उठते, ऊन पडलेलं असतं, वारा मंद. तरीही ‘इन्कॉइस’ या सरकारी संस्थेचा अंदाज तीन मीटर लाटांचा असू शकतो. दूरच्या वादळाने ढकललेल्या त्या लाटा इथे वाऱ्याशिवाय पोचतात. भर समुद्रात होडी त्यांवर नुसती वरखाली होते. पण खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या पट्टीवर, त्या उभ्या राहून फुटतात. त्यातच ओहोटीचं पाणी समोरून आलं, तर आणखी उंच.

म्हणून अनुभवी खलाशी हिशेब परतीचा करतो. समजा, भरती सकाळी नऊला पूर्ण होते. सातला चढत्या पाण्यावर बाहेर पडणं सोपं. पण जाळं ओढून बाराला परतावं, तर तोंडाशी ओहोटी ऐन जोरात. मग आठ-साडेआठलाच आत यायचं, नाहीतर संध्याकाळच्या भरतीपर्यंत बाहेर थांबायचं. तेवढं डिझेल नसेल, तर होडी किनाऱ्यावरच.