शेपटावरचा झेंडा आणि डोलकाठीवरचा झेंडा

समजा, बंदराचा एक फोटो हाती आला. मालवाहू जहाजाच्या मागच्या टोकाला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा झेंडा आहे, निळ्या चौकोनात एकच चांदणी, आणि खाली 'मनरोव्हिया' असे गावाचे नाव. पाहणारा लगेच म्हणतो, फोटो लायबेरियातला. पण मागचा झेंडा जहाजाची नोंदणी कुठल्या देशात झाली एवढेच सांगतो. कर आणि नियमांची सोय पाहून जगभरचे मालक पनामा, लायबेरिया, मार्शल बेटे इथे जहाजे नोंदवतात, आणि त्यातली कितीतरी जहाजे त्या देशांच्या किनाऱ्याला कधी लागतही नाहीत.

जागा शोधायची तर नजर वर न्यावी. परक्या बंदरात शिरलेले जहाज यजमान देशाचा छोटा झेंडा डोलकाठीवर, बहुधा उजव्या बाजूला, लावते. आपल्या फोटोत तिथेही पट्टे आहेत, म्हणून फोटो मोठा करून पाहायचा. लायबेरियाच्या झेंड्यात पट्टे 11 आणि चांदणी एक, अमेरिकेच्या झेंड्यात पट्टे 13 आणि चांदण्या 50. चौकोनात ठिपक्यांची गर्दी दिसली की देश ठरला, अमेरिका.

आता बंदर कुठले? कंटेनर उचलणारी नेहमीची क्रेन काम संपले की आपली लांब भुजा आकाशाकडे उचलते. आपल्या फोटोतल्या क्रेन मात्र बुटक्या आहेत आणि रिकाम्या असूनही त्यांच्या भुजा आडव्याच आहेत. भुजा वर उचलण्याऐवजी सरकवून आत घेणाऱ्या अशा क्रेन महाग पडतात, त्यामुळे जवळ विमानतळ असेल आणि उंचीवर बंधन असेल तिथेच त्या दिसतात. फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलचे पोर्ट एव्हरग्लेड्स हे असे बंदर. विमानतळ त्याला अगदी लागून आहे. एवढ्यावर थांबू नये. उपग्रहचित्रात धक्क्याची दिशा, पाण्याचे वळण आणि मागच्या इमारती जुळल्या तरच उत्तर पक्के धरावे.

क्रेनवरची अक्षरेही फसवतात. 'झेडपीएमसी' वाचून फोटो चीनमधला मानू नये. ती शांघायची क्रेन बनवणारी कंपनी आहे आणि तिच्या क्रेन जगभर उभ्या आहेत. रंगाचाही भरवसा नाही, कारण क्रेन नव्याने रंगवतात, जुन्या विकतात, दुसऱ्या बंदरात नेतात.

जहाजाच्या बांध्याचा उपयोग बंदरे वगळण्यासाठी होतो. डेकवर आडव्या रांगेत 13 कंटेनर मोजता आले, तर रुंदी साधारण 32 मीटर, म्हणजे पनामा कालव्याच्या जुन्या दारांतून जाणारे जहाज. ते पुष्कळ बंदरांत मावते, म्हणून त्याने फारसे काही वगळता येत नाही. 23-24 रांगा दिसल्या तर उथळ बंदरे आणि आखूड भुजेच्या क्रेन आपोआप गळतात. कोरडा माल नेणाऱ्या जहाजावर स्वतःच्या चार क्रेन असतील, तर धक्क्यावर एकही क्रेन नसलेले बंदरही चालते.

आणि मागच्या बाजूला रंगवलेला सात आकडी आयएमओ क्रमांक वाचता आला, तर त्याला सगळ्यांत जास्त वजन द्यावे. मालक, नाव, झेंडा बदलला तरी तो बदलत नाही. जहाजाच्या प्रवासाच्या नोंदींत तो टाकला की ते एव्हरग्लेड्सला कोणत्या तारखांना होते ते बहुधा कळते.