चारशेचा नग आणि तीनशे चाळीसचं कोटेशन

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत असंख्य छोटे कारखाने फाउंड्रीतून कास्टिंग विकत घेतात, त्याचं मशिनिंग करतात आणि तयार भाग पुढे पाठवतात. असाच एक कारखाना धरून चालू. तो पंपाचे इम्पेलर बनवतो, महिन्याला हजार नग. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून मी गोल घेतले आहेत, पण रचना अशा कारखान्यांच्या कॉस्ट शीटमध्ये असते तशीच आहे.

मालकाच्या टेबलावर एक कोटेशन येतं. बाहेरचा एक पुरवठादार तोच इम्पेलर पूर्ण तयार करून, पोच देऊन, ३४० रुपयांना द्यायला तयार आहे. दर्जा तोच. जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणून तो हिशेबाबाहेर ठेवू. मालक स्वतःची कॉस्ट शीट काढतो. तिथे शेवटच्या ओळीत ४०० रुपये लिहिलेत. नगामागे साठ रुपये, म्हणजे महिन्याला साठ हजार वाचणार! असा निर्णय पाच मिनिटांत होतो, आणि नेमका तोच चुकतो.

ते चारशे रुपये कशाचे आहेत, हे आधी उलगडून पाहू. कास्टिंगचे १८०. मशीनवर काम करणारी माणसं नगावर पैसे घेतात, त्यांचे ७०. वीज, इन्सर्ट, कूलंट वगैरेचे ४०. हे झाले २९०. उरलेले ११० म्हणजे महिन्याच्या ठरलेल्या खर्चाचा या नगावर टाकलेला वाटा. त्यात शेडच्या भाड्यातले चाळीस हजार, सुपरवायझरच्या पगारातले पंचवीस हजार आणि सीएनसी मशीनचा घसारा पंचेचाळीस हजार. बेरीज एक लाख दहा हजार, भागिले हजार नग.

आता एकच प्रश्न विचारायचा. इम्पेलर बाहेरून घ्यायचं ठरवलं, तर उद्यापासून यातलं काय द्यावं लागणार नाही? कास्टिंग घ्यावं लागणार नाही. नगावरची मजुरी द्यावी लागणार नाही. इन्सर्ट झिजणार नाहीत, वीज जळणार नाही. शेडचं भाडं मात्र तेवढंच राहील, कारण शेडमध्ये इतरही कामं चालतात आणि घरमालक इम्पेलर मोजून भाडं घेत नाही. सुपरवायझर बाकीच्या कामांसाठी लागतोच. घसारा तर कुणाला द्यायचाच नसतो. दोन वर्षांपूर्वी दिलेले पैसे वहीत वर्षावर्षाने वाटून लिहिण्याची ती पद्धत आहे.

म्हणजे बाहेरून घेतल्यावर वाचतात २९० आणि द्यावे लागतात ३४०. साठ रुपये वाचण्याऐवजी नगामागे पन्नास रुपये जास्त जातात, महिन्याला पन्नास हजार. ते एक लाख दहा हजार कुठेच जात नाहीत. ते इम्पेलरच्या कॉस्ट शीटवरून उठून दुसऱ्या भागांच्या कॉस्ट शीटवर जाऊन बसतात. मग ते भागही महाग दिसू लागतात आणि त्यांच्यासाठीही बाहेरची कोटेशनं मागवली जातात. एकेक काम बाहेर देत शेवटी मोकळी शेड आणि पूर्ण भाडं उरतं. ही साखळी फार घातक आहे, कारण तिच्या प्रत्येक कडीवर कागदावर बचतच दिसत असते.

कॉस्टिंगमध्ये याला रिलेव्हंट कॉस्ट म्हणतात. निर्णयाशी संबंधित खर्च ओळखायच्या अटी दोनच. तो खर्च पुढे व्हायचा असला पाहिजे, आणि दोन पर्यायांत तो वेगवेगळा असला पाहिजे. दोन्ही अटी एकत्र लागतात. मशीनच्या कर्जाचा हप्ता घ्या. तो पुढच्या महिन्यात खिशातून जाणारच आहे, पण इम्पेलर घरी बनवला तरी जाणार आणि बाहेरून आणला तरी जाणार. म्हणून या तुलनेत त्याला जागा नाही. ‘हप्ता कसा भरू?’ ही मालकाची चिंता खरी आहे. पण तिचं उत्तर कोणत्या पर्यायात महिन्याच्या शेवटी जास्त पैसे उरतात यात आहे, हप्त्याच्या आकड्यात नाही.

कोणता खर्च कोणत्या बाजूला पडतो हे त्याच्या नावावरून ठरत नाही. इथे मजुरी वाचते, कारण ती नगावर आहे. तीच माणसं महिन्याच्या पगारावर असतील आणि त्यांना कामावरून काढायचं नसेल, तर ते सत्तर रुपये वाचत नाहीत. वाचणारा आकडा २२० वर येतो आणि बाहेरून घेणं आणखी महाग पडतं. उलट सुपरवायझर फक्त इम्पेलरसाठीच ठेवलेला असेल आणि काम बंद झाल्यावर ती जागा भरायची नसेल, तर ‘ठरलेला’ म्हटलेला त्याचा पगारही वाचतो. मुदतीचाही फरक पडतो. भाड्याचा करार सहा महिन्यांनी संपणार असेल आणि तेव्हा लहान जागा घेता येणार असेल, तर आज न वाचणारं भाडं सहा महिन्यांनी वाचू शकतं. म्हणून प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला दुसरा उपाय नाही.

वहीत कुठेच न सापडणारी एक रक्कमही इथे धरावी लागते. मशीन मोकळं झालं तर त्यावर काय करता येईल? समजा, व्हॉल्व्हच्या भागांचं जॉबवर्क दारात उभं आहे आणि मशीनला वेळ नाही म्हणून ते परत जातंय. त्या कामातून वीज, मजुरी वजा जाता महिन्याला ऐंशी हजार सुटतात. मग चित्र उलटं होतं. इम्पेलर बाहेरून घेण्यात पन्नास हजार जास्त जातात, पण मोकळ्या मशीनवर ऐंशी हजार मिळतात. आता बाहेरून घेणंच बरोबर, तीस हजारांनी. हातची संधी सोडण्याची ही किंमत, म्हणजे संधी-खर्च. तो कुठल्याच बिलावर येत नाही, म्हणून हटकून विसरला जातो. अट एवढीच, की ते जॉबवर्क खरोखर हातात असलं पाहिजे. ‘मिळेलच काहीतरी काम’ हा आकडा नव्हे.

आता त्या मशीनकडे वळू, कारण खरी अडचण तिथे आहे. ते २७ लाखांना घेतलं होतं. पाच वर्षांत घसारा संपवायचा या हिशेबाने दोन वर्षांत १० लाख ८० हजार लिहून झाले, वहीत १६ लाख २० हजार शिल्लक आहेत. ‘एवढं सत्तावीस लाखांचं मशीन घेतलंय, ते बंद ठेवून बाहेरून माल आणायचा?’ हे वाक्य ऐकायला चोख वाटतं, पण त्यात हिशेब नाही. मशीन चालू ठेवलं तरी ते सत्तावीस लाख गेलेलेच आहेत, बंद ठेवलं तरी गेलेलेच आहेत. दोन पर्यायांची वजाबाकी केली की ते दोन्हीकडून कटतात. बुडीत खर्च बाजूला ठेवायचा तो याच कारणाने. पैसा क्षुल्लक होता म्हणून नव्हे, तर आजचा कोणताही निर्णय त्याला हात लावू शकत नाही म्हणून.

तरी माणसाला ते जमत नाही. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या संशोधकांनी १९८५ मध्ये छापलेल्या निबंधात एक प्रयोग दिला आहे. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाचं हंगामाचं तिकीट पंधरा डॉलरचं होतं. काहींना ते पूर्ण दराने विकलं, काहींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं न ठरवता दोन किंवा सात डॉलर सवलतीत दिलं. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. पण हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे दिलेली माणसं जास्त प्रयोगांना आली. पैसे देऊन झाले होते आणि परत मिळणार नव्हते, तरी ते त्यांना ओढत होते. कारखानदाराच्या बाबतीत ही ओढ आणखी जबर असते, कारण मशीन विकलं की ‘तोटा’ हा शब्द नफा-तोटा पत्रकात छापून येतो आणि तो भाऊबंदांना, बँकेला दिसतो.

मशीनचा एक आकडा मात्र निर्णयात येतो. ते आज विकलं तर काय मिळेल? समजा, १२ लाख. तीन वर्षांनी विकलं तर ४ लाख. मशीन ठेवलं तर आजचे बारा लाख हुकतात. विकलं तर तीन वर्षं महिन्याला पन्नास हजारांप्रमाणे अठरा लाख जास्त मोजावे लागतात, वर शेवटचे चार लाखही जातात. बारा विरुद्ध बावीस. व्याज धरलं तरी मशीन ठेवणंच सोयीचं. पण पुरवठादाराने भाव उतरवला आणि फरक महिन्याला पंधरा हजारांवर आला, तर तीन वर्षांचे पाच लाख चाळीस हजार आणि ते चार लाख मिळून नऊ लाख चाळीस हजार होतात. मग बारा लाखांना विकून टाकलेलं बरं, वहीत चार लाख वीस हजारांचा तोटा दिसला तरी. त्या तोट्यामुळे आयकरात काही फरक पडत असेल तर तेवढा जरूर धरावा, कारण तो पुढचा आणि खरा पैसा आहे.

खास ऑर्डरलाही हीच फूटपट्टी लागते. कारखान्याची क्षमता महिन्याला दीड हजार नगांची आहे आणि हजारच नग निघतात. नेहमीचा भाव ४८०. परराज्यातला एक व्यापारी स्वतःच्या नावाचा शिक्का मारून तीनशे नग मागतो, एकदाच, ३३० रुपयांनी. कॉस्ट शीट म्हणते, नगामागे सत्तर रुपये तोटा. पण या ऑर्डरमुळे वाढणारा खर्च २९० आणि शिक्का-पॅकिंगचे दहा, म्हणजे ३०० आहे. नगामागे तीस सुटतात, एकूण नऊ हजार.

तोच कारखाना चौदाशे नग काढत असता तर? जागा शंभर नगांचीच. बाकी दोनशे नेहमीच्या गिऱ्हाइकांचे नग मागे पडले असते आणि त्यांच्यावर सुटणारे एकशे नव्वद रुपये गेले असते, म्हणजे अडतीस हजार. नऊ हजारांसाठी अडतीस हजार घालवणं हे कुणालाच नको. क्षमता मोकळी आहे का, हे म्हणूनच आधी शॉपफ्लोअरवर जाऊन पाहायचं, कारण मशीनवर मोकळी दिसणारी वेळ टर्निंगनंतरच्या बॅलन्सिंगला किंवा तपासणीला मोकळी असेलच असं नाही.

दुसरी भीती भाव फुटण्याची. नेहमीच्या गिऱ्हाइकाला ३३० चा वास लागला आणि त्याने नगामागे दहाच रुपये कमी करून मागितले, तरी हजार नगांवर महिन्याला दहा हजार जातात, दर महिन्याला. व्यापारी दुसऱ्या राज्यातला आहे आणि शिक्का वेगळा आहे, यालाच म्हणून किंमत आहे.

आणि तो व्यापारी पुढच्या महिन्यात पुन्हा आला, त्याच भावाने वर्षभराचा करार मागू लागला, तर हा हिशेब तसाच चालणार नाही. ताळेबंदात मालाचं मूल्य ठरवताना ठरलेल्या उत्पादन-खर्चाचा वाटा धरावा लागतो आणि वर्षाचा दर ठरवतानाही तो धरायलाच हवा, कारण भाडं आणि पगार कुठल्यातरी नगातून निघालेच पाहिजेत. वर्षभराच्या मुदतीत शेड बदलता येते, माणूस कमी-जास्त करता येतो, जुनं मशीन नव्याने घ्यावं लागतं. जे खर्च एका महिन्याला हलत नव्हते ते वर्षाला हलतात, म्हणून ते त्या कराराच्या हिशेबात पुन्हा येऊन बसतात. एकदाच्या तीनशे नगांना ३३० चालतात. वर्षाच्या कराराला मालकाने चारशेचीच ओळ पुढे ठेवून बोलणी सुरू करावीत.