आतल्या खोलीत फोन का लागत नाही?

गॅलरीत फोन छान चालतो, पण आतल्या खोलीत गेलो की समोरच्याला 'संपर्कक्षेत्राबाहेर' असे ऐकू येते. ही तक्रार आम्ही शेजारीपाजारी, नात्यात सतत ऐकतो. दुबईत व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलता येत नाही, म्हणून तिथला मुलगा अम्मीला साधा फोन लावतो आणि तोच लागत नाही. यावर दोन उपाय फोनमध्येच असतात. ते कुठे उपयोगी पडतात, ते पाहू.

पहिला उपाय व्होल्टे. यात आपला आवाज टॉवरच्या फोर-जी जाळ्यातूनच जातो. ते बंद असेल तर फोनला कॉलपुरते टू-जी किंवा थ्री-जीवर उतरावे लागते, आणि जिओकडे ती जुनी जाळी नाहीतच. आवाज स्वच्छ येतो, कॉल पटकन लागतो. पण व्होल्टेलाही टॉवरचा सिग्नल लागतोच. भिंत तो अडवत असेल तर व्होल्टे काही करू शकत नाही.

दुसरा उपाय वाय-फाय कॉलिंग. भारतात ही सोय 2019च्या अखेरीस आणि 2020च्या सुरुवातीस आली. यात फोन घरच्या इंटरनेटवरून आपल्या मोबाइल कंपनीपर्यंत बंदिस्त वाट तयार करतो आणि कॉल तिथून पुढे जातो. नंबर तोच, डायल करण्याची पद्धत तीच. समोरच्याकडे वाय-फाय किंवा कोणतेही अ‍ॅप असण्याची गरज नाही, त्याचा साधा लँडलाइन फोनही चालतो.

आता एक उदाहरण घेऊ. सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचे घर. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये About phone मध्ये SIM status उघडले की सिग्नलचा आकडा दिसतो. गॅलरीत तो -98 dBm आहे, आतल्या खोलीत -118. आकडा शून्यापासून जितका दूर, तितका सिग्नल क्षीण. दर 10ने सिग्नल दहापट घटतो, म्हणजे इथे 20च्या फरकाने शंभरपट घटला. -98वर व्होल्टे चांगले चालते. -118वर कॉल तुटतो किंवा लागतच नाही. त्यामुळे गॅलरीत व्होल्टे पुरेसे आहे, आतल्या खोलीत वाय-फाय कॉलिंग हवे.

सेटिंगमध्ये Wi-Fi calling असे शोधून ते सुरू करावे. मग खात्री करावी: फोन विमान मोडवर टाकावा, त्यानंतर फक्त वाय-फाय चालू करावे, आणि घरातल्याच दुसऱ्या नंबरवर फोन लावावा. लागला तर कॉल नक्कीच वाय-फायवरून गेला. नाही लागला तर त्या फोनला किंवा सिमला ही सोय नाही, किंवा ती सुरू झालेली नाही. कंपनीच्या सेवा केंद्रात विचारावे. तपासून झाल्यावर विमान मोड बंद करायला विसरू नये.

वाय-फाय कॉलिंग सुरू केले म्हणून व्होल्टे बंद करू नये. बोलत बोलत जिन्यात गेलो की वाय-फाय सुटते. तेव्हा व्होल्टे चालू असेल आणि तिथे टॉवरचा सिग्नल असेल, तर चालू कॉल त्यावर सरकतो. व्होल्टे बंद असेल तर कॉल तुटतो.

वाय-फायवर आवाज तुटक येत असेल तर आधी पाहावे, घरात कुणी मोठा व्हिडिओ पाठवत आहे का. बोलण्याला इंटरनेट फार थोडे लागते, पण वाट तुंबली की शब्द उशिरा पोहोचतात. तसे नसेल तर राउटर दूर असेल. राउटरच्या 5 GHz लहरी भिंतीत लवकर मंदावतात, 2.4 GHzच्या त्यामानाने आत पोहोचतात. दोन भिंतींपलीकडच्या खोलीत फोन 2.4ला जोडून पाहावा.

दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. वीज गेली की राउटर बंद पडतो आणि आतल्या खोलीतला फोनही मुका होतो. घरात आजारी किंवा वृद्ध माणूस असेल तर राउटरला छोटा बॅटरी बॅकअप लावावा. दुसरे म्हणजे, वाय-फायवरून 112ला फोन केला तर आपण नेमके कुठे आहोत ते टॉवरवरून कळेलच असे नाही. शक्य असेल तर खिडकीशी येऊन फोन करावा, आणि पहिल्याच वाक्यात इमारत, मजला व गल्ली सांगावी. घरातल्या मुलांनाही हे वाक्य पाठ करून द्यावे.