चार लाखांतून ब्रँड उभा करताना

समजा, पुण्यातल्या दोन मैत्रिणी नाचणीची बिस्किटं बाजारात आणताहेत आणि पहिल्या वर्षी ब्रँडसाठी त्यांनी चार लाख रुपये बाजूला काढले आहेत. बहुतेकांचा पहिला मोठा चेक जातो वेबसाइटला. माझ्या मते तो सर्वांत शेवटी आणि लहान असावा.

सुरुवात नावापासून करावी. त्यासाठी चाळीस हजार पुरतात, पण त्यातला मोठा वाटा नाव सुचवण्यावर नाही, तर ते तपासण्यावर जायला हवा. ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध मोफत घेता येतो. तिथे केवळ स्पेलिंग नव्हे, उच्चारातलं साम्यही पाहावं. बिस्किटं वर्ग 30 मध्ये येतात. लघुउद्योग म्हणून नोंद असेल तर ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचं शुल्क 4,500 रुपये. ‘नाचणी बिस्किट’सारखं नुसतं वर्णन करणारं नाव घेतलं, तर 1999च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 9 खाली हरकत येते. ती कळते तोवर पाकिटं छापून झालेली असतात. ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. नाव बदललं की ज्या सिलिंडरांवर ते आहे, ते सगळे पुन्हा कोरायचे. म्हणून वकिलाकडून शोध घेऊन अर्ज केल्याशिवाय डिझायनरला आगाऊ रक्कम देऊ नये.

डिझाइनला एक लाख तीस हजार. बोधचिन्हापेक्षा पाकिटावर जास्त वेळ द्यायला सांगा, कारण दुकानात ग्राहकाच्या हाती पाकीटच येतं. करार मात्र नीट वाचा. स्वतंत्र डिझायनरने काढलेल्या बोधचिन्हाचा कॉपीराइट पैसे दिले म्हणून आपोआप तुमचा होत नाही. तो लेखी हस्तांतरित करून घ्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दुबईत माल पाठवायचं मनात असेल, तर ही एक ओळ फार महत्त्वाची ठरते.

फोटोंसाठी नव्वद हजार, पण पाकीट छापून हातात आल्यावरच. नमुन्याच्या पाकिटावर शूट केलं आणि नंतर रंग बदलला, तर सगळे फोटो वाया. एका दिवसाच्या शूटमध्ये पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे आणि चहाच्या कपाशेजारचे, दोन्ही प्रकारचे फोटो काढून घ्यावेत. ऑनलाइन बाजारपेठांना मुख्य फोटो पांढऱ्यावरचा लागतो.

वेबसाइट साठ हजारांत, तयार प्लॅटफॉर्मवर, चार-पाच पानांची. सुरुवातीची विक्री दुकानांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच व्हायची असेल, तर इतकी पुरते.

उरलेल्या ऐंशी हजारांना सहा महिने हात लावू नये. तोवर दुकानदार छोटं पाकीट मागू लागतात, आणि मग नवी मांडणी, नवी छपाई आणि नवे फोटो यांचा खर्च तिथूनच निघतो.